व्यावसायिक ई-मेलचा सवीर्यता अवधी
काय ठेवावे, किती काळ ठेवावे आणि हवे तेव्हा कसे शोधावे

चूर्णाची बरणी कोठीत ठेवताना तिच्यावर द्रव्याचे नाव, बॅच क्रमांक, निर्मितीचा दिनांक आणि मुदत लिहिण्याची सवय आपणा सर्वांस आहे. ही चिठ्ठी नसलेली बरणी कोणताही वैद्य रुग्णासाठी उघडणार नाही. परंतु त्याच औषधशाळेच्या संगणकात पुरवठादारांची बिले, प्रयोगशाळेचे अहवाल, परवान्याविषयीचा पत्रव्यवहार आणि जाहिराती असे सर्व काही एकाच टपालपेटीत, कोणत्याही चिठ्ठीवाचून, वर्षानुवर्षे साठत असते. पेटी भरली की कोणीतरी जुने ते सरसकट पुसून टाकतो. आमच्या औषधशाळेतही असेच घडले आणि त्याचे मोल मोजावे लागले. तो अनुभव आणि त्यानंतर बसविलेली पद्धत येथे मांडत आहे.

एका बिलाची कथा

सन २०१८-१९ मध्ये एका पुरवठादाराकडून आम्ही अश्वगंधा, शतावरी आणि अर्जुनत्वक् यांची मोठी खरेदी केली. बिल ६,४०,००० रुपयांचे होते आणि त्यावर ५ टक्के दराने ३२,००० रुपये वस्तू व सेवा कर होता. तो आम्ही बिलाबरोबर चुकता केला आणि त्याचे क्रेडिट नियमाप्रमाणे घेतले. काही महिन्यांनी आमच्या लेखापालांच्या ध्यानात आले की, पुरवठादाराने आपल्या विवरणपत्रात हे बिल आमच्या कर-क्रमांकावर न दाखविता बिगरनोंदणीकृत ग्राहकाच्या विक्रीत दाखविले आहे. आम्ही ई-मेलने कळविले. ‘चूक आमची आहे, दुरुस्त करतो’ असे त्यांचे उत्तरही आले. ती दुरुस्ती झाली किंवा नाही, हे मात्र पुढे कोणीच पाहिले नाही.

सन २०२१ मध्ये आमची टपालपेटी भरली. जीमेलच्या विनामूल्य खात्यास १५ जीबी जागा मिळते आणि ती टपाल, ड्राइव्ह व छायाचित्रे यांत मिळून वापरली जाते. नवीन टपाल येईनासे झाले, तेव्हा आमच्या साहाय्यकाने दोन वर्षांपूर्वीचे सर्व ई-मेल निवडून पुसले. पुसलेले टपाल ३० दिवस कचरापेटीत राहते व त्यानंतर कायमचे जाते. ते ३० दिवस उलटून गेल्याचेही आम्हास कळले नाही.

सन २०२३ च्या अखेरीस २०१८-१९ या वर्षासाठी नोटीस आली. त्या ३२,००० रुपयांचे क्रेडिट पुरवठादाराच्या विवरणाशी जुळत नव्हते. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाच्या डिसेंबर २०२२ च्या परिपत्रक क्र. १८३ मध्ये नेमक्या अशाच चुकीसाठी मार्ग दिलेला आहे : २०१७-१८ व २०१८-१९ या वर्षांत एका पुरवठादाराच्या बाबतीत कराचा फरक ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास, त्या पुरवठादाराने माल दिल्याचे व कर भरल्याचे प्रमाणपत्र ग्राह्य धरले जाते. परंतु एव्हाना त्या पेढीचा कारभार पुढील पिढीकडे गेला होता आणि ‘अशी चूक आमच्याकडून झाली होती, याचा पुरावा काय?’ असा प्रश्न आम्हास विचारण्यात आला. पुरावा म्हणजे त्यांचाच ई-मेल. आणि तो आम्ही पुसला होता.

सुदैवाने त्या ई-मेलची प्रत लेखापालांनाही गेली होती. त्यांच्या पेटीत तो मूळ बिलासह जसाच्या तसा सापडला. स्वतःच्याच पत्त्यावरून गेलेले पत्र पाहिल्यावर पुरवठादाराने प्रमाणपत्र दिले आणि प्रकरण मिटले. आमचे रक्षण झाले ते दुसऱ्याच्या नीटनेटकेपणामुळे. ही लाजेची गोष्ट होती, आणि त्यातूनच पुढील विचार सुरू झाला.

मुदत कशावरून ठरवावी?

ई-मेल किती काळ ठेवावा, याचे उत्तर ई-मेल या वस्तूत नसते. ते त्यात लिहिलेल्या व्यवहारात असते. बिल कागदावर आले काय आणि टपालपेटीत आले काय, त्याची मुदत एकच. म्हणून प्रथम टपालाचे व्यवहारानुसार वर्ग पाडावे लागतात. आमच्या औषधशाळेत चार वर्ग पुरेसे ठरले.

पहिला वर्ग हिशोबाचा. यात बिले, मागणीपत्रे, दर मान्य केल्याची पत्रे, क्रेडिट नोट, बँकेची पत्रे आणि येणे-देणे कबूल करणारी पत्रे येतात. वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशोबाची कागदपत्रे त्या वर्षाचे वार्षिक विवरण भरण्याच्या नियत दिनांकापासून ७२ महिने ठेवावी लागतात. उदाहरणार्थ, २०२४-२५ चा नियत दिनांक ३१ डिसेंबर २०२५ होता. म्हणून त्या वर्षाचे कागद ३१ डिसेंबर २०३१ पर्यंत ठेवणे आवश्यक. सन १९६१ च्या आयकर कायद्याखालील नियमांत वैद्यक व्यवसायासाठी संबंधित आकारणी वर्षाच्या अखेरीपासून ६ वर्षांची अट होती. २०२४-२५ साठी हा हिशोब ३१ मार्च २०३२ पर्यंत जातो. औषधशाळा कंपनी म्हणून नोंदलेली असेल, तर २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार लगतच्या ८ आर्थिक वर्षांची पुस्तके हाताशी असावी लागतात. प्रत्येक ई-मेलपाशी थांबून या तीन गणिती करीत बसणे कोणासही शक्य नाही. म्हणून आम्ही एकच नियम केला : हिशोबाचे टपाल आर्थिक वर्ष संपल्यापासून ८ वर्षे ठेवायचे. तिन्ही अटी त्यात सामावतात.

दुसरा वर्ग बॅचचा, आणि येथे आपला व्यवसाय इतरांहून वेगळा आहे. कच्च्या द्रव्याचा विश्लेषण अहवाल, जड धातूंच्या तपासणीचा निष्कर्ष, ‘या गोणीत मिसळ आढळली’ असे कळविणारे पत्र, ग्राहकाची तक्रार व तिला दिलेले उत्तर हे सर्व त्या बॅचबरोबर जगते. चूर्णाची मुदत २ वर्षांची. त्याचे टपाल हिशोबाच्या ८ वर्षांत सहज बसते. परंतु औषध नियमावलीतील नियम १६१-ब नुसार आसव-अरिष्टांस १० वर्षांची मुदत आहे. म्हणजे अर्जुनारिष्टाची बाटली दुकानाच्या फळीवर कायदेशीरपणे उभी असेल आणि ज्या अर्जुनत्वचेपासून ते सिद्ध केले तिचा अहवाल मात्र ‘८ वर्षे झाली’ म्हणून पुसलेला असेल, अशी विसंगती निर्माण होते.

हा हिशोब एकदा सविस्तर करून पाहू. साल मार्च २०२४ मध्ये आली, अहवाल त्याच महिन्यात ई-मेलने आला. म्हणजे तो २०२३-२४ च्या टपालात बसला. संधान जून २०२४ मध्ये झाले, तर बाटलीवरील मुदत मे २०३४ पर्यंत. शेवटच्या महिन्यात विकलेल्या बाटलीविषयी तक्रार येण्यास आणखी एक वर्ष धरले, तर मे २०३५ पर्यंत अहवाल हवा. सालीची खरेदी आणि संधान यांत कधी वर्षभराचे अंतर पडते, तेही धरावे लागते. यासाठी आम्ही आसव-अरिष्टे आणि लेबलवर तितकीच दीर्घ मुदत असलेली औषधे यांच्या बॅचचे टपाल १२ वर्षे ठेवतो. २०२३-२४ चे टपाल ३१ मार्च २०३६ पर्यंत राहील आणि मे २०३५ त्याच्या आत येतो.

तिसरा वर्ग स्थायी टपालाचा. निर्मिती परवाना, एखाद्या पाठाची मंजुरी, भाडेकरार, बोधचिन्हाची नोंदणी, वितरकाशी झालेला करार यांविषयीची पत्रे त्या परवान्याची किंवा कराराची हयात असेतोवर आणि त्यानंतर ८ वर्षे ठेवावीत. ही संख्येने फार थोडी असतात.

चौथा वर्ग उरलेल्या सर्वांचा : जाहिराती, निमंत्रणे, ‘माल निघाला’ अशा सूचना, सणांच्या शुभेच्छा. ९० दिवसांनी ते पुसावेत. पुसणे हा पद्धतीचाच भाग आहे. निरुपयोगी टपालाच्या ढिगात उपयोगी टपाल दिसेनासे होते.

रुग्णांचे ई-मेल या चारांत मुद्दाम घातलेले नाहीत. रुग्णाने पाठविलेले अहवाल व लक्षणवर्णन हे त्याच्या केसपेपरचे अंग आहे. ते केसपेपरला जोडून टपालपेटीतून काढावे, कारण औषधशाळेची पेटी साहाय्यक, लेखापाल असे अनेक जण उघडतात. सन २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्याचे सूत्रही असेच आहे : ज्या कामासाठी माहिती घेतली ते काम संपले आणि अन्य कायद्याने ती ठेवण्यास सांगितले नसेल, तर ती पुसावी.

या सर्व मुदतींस एक अपवाद आहे. नोटीस, तक्रार किंवा वाद उभा राहिला की, त्या विषयाचे काहीही पुसायचे नाही, मग त्याची मुदत उद्याच संपत असली तरी. कर कायद्यातही अपील वा चौकशी चालू असल्यास अंतिम निर्णयानंतर एक वर्ष किंवा मूळ मुदत, यांपैकी जे नंतर येईल तोवर कागद ठेवण्याची अट आहे. आम्ही अशा टपालासाठी ‘वाद’ नावाचे वेगळे फोल्डर ठेवतो आणि पुसण्याचा अधिकार फक्त एकाच व्यक्तीस दिला आहे.

कोणत्या रूपात ठेवावे?

अनेक बंधू महत्त्वाचा ई-मेल छापून फाईलला लावतात. काही जण तो स्वतःच्याच दुसऱ्या पत्त्यावर पुढे पाठवितात. दोन्ही मार्ग सदोष आहेत. सन २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद ठेवताना ती पुढे पाहता आली पाहिजे, मूळ रूपात किंवा मूळ आशय अचूक दाखविता येईल अशा रूपात असली पाहिजे आणि ती कोठून निघाली, कोणास गेली, केव्हा गेली वा आली हे त्यातून कळले पाहिजे. ई-मेलच्या दर्शनी मजकुरामागे हा प्रवास शीर्षनोंदींत लिहिलेला असतो. छापल्यावर त्यातील बहुतेक भाग गळतो. पुढे पाठविल्यावर तर ते आपलेच नवे पत्र होते; पाठविणारे आपण आणि दिनांक आजचा.

प्रकरण न्यायालयात गेल्यास हा भेद निर्णायक ठरतो. जालना विधानसभा निवडणुकीतून उद्भवलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले की, मूळ साधनच हजर केले नसेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीबरोबर प्रमाणपत्र हवेच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नेही प्रमाणपत्राची अट ठेवली आहे आणि त्याच्या नमुन्यात नोंदीचे हॅश मूल्य लिहावे लागते. हॅश म्हणजे फाईलचा जणू अंगठ्याचा ठसा : फाईलमधील एक अक्षर बदलले तरी तो पूर्ण बदलतो. यास्तव वर्षाचे टपाल बंद करतानाच हॅश काढून नोंदवहीत लिहिणे हितावह.

प्रत्यक्ष कृती

आम्ही यासाठी थंडरबर्ड ही विनामूल्य प्रणाली वापरतो. तिच्यात टपालखाते जोडले की पेटीतील फोल्डर संगणकावर दिसू लागतात. येथेच मोठी गफलत होते. ते दिसणारे फोल्डर म्हणजे पेटीचे प्रतिबिंब असते. मूळ पेटीतून पुसले की येथूनही जाते. खरा साठा करावयाचा तर टपाल डाव्या बाजूच्या `Local Folders` या शीर्षकाखाली स्वतंत्र फोल्डर करून त्यात ठेवावे लागते.

दर शनिवारी अर्धा तास साहाय्यक पेटीतील टपालास हिशोब, बॅच, स्थायी यांपैकी एक खूण लावतो. एप्रिलमध्ये, मागील वर्षाचे खूण केलेले टपाल निवडून ‘कॉपी’ केले जाते; ‘मूव्ह’ कधीही नाही. फोल्डरच्या नावातच वर्ग, वर्ष आणि पुसण्याचा दिनांक असतो, उदाहरणार्थ `Hishob-2024-25-till-2033-03-31`. चिठ्ठी बरणीवरच असल्याने पुढील माणसास विचारावे लागत नाही.

त्यानंतर पडताळा. दोन्हीकडील संख्या जुळते का, ते पाहावे. पहिला, शेवटचा आणि सर्वांत मोठे जोडपत्र असलेला असे तीन ई-मेल इंटरनेट बंद करून उघडावेत. जोडपत्र उघडले नाही तर प्रत अपुरी उतरली आहे. याच वेळी आणखी एक दोष ध्यानात येतो : काही पुरवठादार बिल जोडत नाहीत, केवळ दुवा पाठवितात. दुवा काही दिवसांत निकामी होतो आणि आपल्याकडे बिलाचा नव्हे, तर बिलाच्या आमंत्रणाचा साठा उरतो. असे बिल आल्या दिवशीच उतरवून घ्यावे. बँकेची पत्रके सांकेतिक शब्दाने बंद असतात. तो शब्दही नोंदवहीत हवा.

पडताळ्यानंतर थंडरबर्ड बंद करून `Local Folders` ची फाईल झिप करावी आणि विंडोजच्या आज्ञा-चौकटीत हॅश काढावा :

```
certutil -hashfile D:\Tapal\2024-25.zip SHA256
```

येणारी ६४ अक्षरे नोंदवहीत दिनांकासह लिहावीत. झिपच्या दोन प्रती दोन बाह्य हार्ड डिस्कवर कराव्यात. एक औषधशाळेत, दुसरी घरी. दर एप्रिलमध्ये दोन्ही जोडून हॅश पुन्हा काढावा. तो जुळला की प्रत निर्दोष आहे. जुळला नाही तर दुसऱ्या प्रतीवरून नवी करावी. हे सर्व झाल्यावरच मूळ पेटीतील जागा मोकळी करावी. ज्या जुन्या खात्याचा वापर थांबला आहे, त्याकडे मात्र त्वरेने पाहावे : दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक गुगल खाते, त्यातील टपालासह, रद्द होऊ शकते.

शोध कसा लागेल?

साठा झाला म्हणजे शोध लागतोच, असे नाही. जीमेलमध्ये असताना `has:attachment after:2024/04/01 before:2025/04/01` असे लिहून एका आर्थिक वर्षाची जोडपत्रे समोर आणता येतात आणि पीडीएफच्या आतील मजकुरातही बऱ्याच वेळा शोध लागतो. थंडरबर्डमधील शोध (Ctrl+Shift+F) पाठविणारा, विषय व पत्राचा मजकूर चाळतो; जोडलेल्या पीडीएफच्या आत तो जात नाही. बिल स्कॅन केलेले असेल, तर ते चित्रच असते.

मराठी टपालात आणखी एक अडचण. श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेली फाईल पडद्यावर मराठी दिसते, परंतु आत वेगळीच अक्षरे असतात. तिच्यात ‘अश्वगंधा’ शोधल्यास काही सापडत नाही आणि आपण ‘नाही’ असा निष्कर्ष काढतो. शिवाय एकाच द्रव्यास कोणी अश्वगंधा लिहितो, कोणी अश्वगन्धा, कोणी असगंध, तर कोणी तेच रोमन लिपीत तीन प्रकारे.

यावर आमचा उपाय साधा आहे. एका तक्त्यात प्रत्येक महत्त्वाच्या ई-मेलची एक ओळ : दिनांक, पक्षाचे नाव, बिल क्रमांक, द्रव्याचे ठरलेले एकच नाव, बॅच क्रमांक आणि फोल्डरचे नाव. अंक कोणत्याही फॉन्टमध्ये चुकत नाहीत असे गृहीत धरू नये; ते तक्त्यात स्वतः टंकावेत. तक्त्यावरून दिनांक व पक्ष कळला की थंडरबर्डमध्ये ते पत्र काढण्यास क्षणही लागत नाही. सर्व टपालाची नोंद करण्याचा हव्यास मात्र धरू नये. २०२४-२५ मध्ये आमच्याकडे सुमारे ९,००० ई-मेल आले. त्यांतील १,९०० ठेवले गेले आणि तक्त्यात जेमतेम ४०० नोंदी झाल्या. बाकीचे पक्षाच्या नावावरून सापडतात.

पद्धत खरी आहे की नाही, याची परीक्षा आम्ही दरवर्षी घेतो. विक्रीकक्षातून कोणतीही एक बाटली उचलायची, तिचा बॅच क्रमांक वाचायचा आणि तिच्या कच्च्या द्रव्याचा अहवाल व बिल साठ्यातून काढून दाखवायचे. गेल्या एप्रिलमध्ये २०२० मधील द्राक्षारिष्टाची एक बाटली हाती आली. तिचे बिल सापडले. मनुकांचा अहवाल मात्र सापडला नाही, कारण तो २०२१ च्या त्या सफाईत गेलेला होता. प्रयोगशाळेकडे पत्र लिहून आम्ही त्याची प्रत मागविली आहे. त्या बाटलीची मुदत २०३० पर्यंत आहे.